मदत हवी आहे: आचारसंहितेवर सह्या सगळ्यांच्या, वाचली कुणीच नाही

पॅनेलवाला_रबाळे:
रबाळे एमआयडीसीत आमचं कंट्रोल पॅनेल बनवायचं युनिट आहे. मी आणि मेहुणा भागीदार, कामाला २३ माणसं. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या ग्राहकाने व्हेंडर रजिस्ट्रेशनसाठी ‘कोड ऑफ कंडक्ट’ मागितला. कन्सल्टंटकडून १४ पानी इंग्रजी पीडीएफ घेतली, नाव बदललं, चहाच्या सुट्टीत दहा मिनिटांत सगळ्यांच्या सह्या उरकल्या.

गेल्या दिवाळीत केबलच्या सप्लायरने आमच्या स्टोअरवाल्याच्या घरी मिक्सर पाठवला. कळलं जानेवारीत. १०० मीटरची कॉइल म्हणून आलेल्या कॉइलमध्ये वायरमनला ९६ मीटरच भरली, आणि चलनावर न मोजताच ‘ओके’ची सही. विचारलं तर म्हणाला, “साहेब, मी ड्युटीवर होतो, बायकोने घेतला. सणाचं आलेलं परत कसं करायचं?” नियमात ‘अनुचित लाभ स्वीकारू नये’ असं आहे. त्याच्या लेखी मिक्सर म्हणजे अनुचित लाभ नाहीच, आणि मला तो खोटं बोलतोय असं वाटत नाही. माणसं वाचतील आणि पाळतील असं कसं लिहू?

मितभाषी:
स्टॅम्प पेपरवर सही घ्या आणि मोडला तर २००० पगारातून कापा. आपोआप वाचतील.

सोसायटी_सेक्रेटरी_ऐरोली:
आमच्याकडे वॉचमनसाठी बोर्ड लावलाय, तरी गणवेश घालत नाहीत. बोर्ड मोठा करावा का?

वागळे_जुना:
सेक्रेटरीसाहेब, तुमचा वेगळा धागा काढा.

मितभाषी, सही हवीच, पण साध्या कागदावरची चालते. कापाकापीत मात्र मालकच अडकेल. दंड सरकारने मान्य केलेल्या आणि आधी लावून ठेवलेल्या कारणांसाठीच करता येतो, तोही माणसाचं म्हणणं ऐकून, आणि त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांपर्यंतच. १८,००० पगारावर ५४० रुपये. तुमचे २००० बसतच नाहीत.

पॅनेलवाले, वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांचं हेच काम मी वर्षानुवर्षं करतोय. १४ पानं ग्राहकाच्या फाइलला राहू द्या. माणसांसाठी एक पान, मराठीत आणि हिंदीत, त्यात तुमच्याकडे खरंच घडलेले प्रसंग. भेटवस्तूचं असं लिहा:

“सप्लायरकडून मिठाई, डायरी, कॅलेंडर आलं तर घ्या, ऑफिसात आणा, सगळे मिळून वाटू. बाकी काहीही, मिक्सर, चांदीचं नाणं, व्हाउचर, जीपे, परत जाईल. घरी आलं तर दुसऱ्या दिवशी अकाउंट्समध्ये सांगा, वहीत नोंद होईल, परत पाठवायचं काम कंपनी करेल. स्वतःहून सांगणाऱ्याला कुणी काही विचारणार नाही.”

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. सप्लायरला ‘नको’ म्हणणं स्टोअरवाल्याला जड जातं. ते ओझं कंपनीने उचललं तरच तो येऊन सांगतो. आणि नवरात्राच्या आधी सप्लायरांना पत्र जाऊ द्या: कुणाच्या घरी काही पाठवू नये.

पान छापण्याआधी स्टोअरवाल्याला विचारा, “रविवारी कुरिअरवाला खोका घेऊन दारात आला, काय कराल?” तो अडखळला तर वाक्य बदला. ‘समजलं का?’ विचारू नका, त्याला सगळे ‘हो’च म्हणतात.

घणसोलीची_अकाउंटंट:
आमच्याकडे अशी वही होती. वर्षभर कोरी. साहेबांच्या केबिनमध्ये मात्र ड्रायफ्रूटचे डबे.

वागळे_जुना:
ताई, बरोबर बोललात. वहीतली पहिली नोंद मालकाची हवी. आणि दहा किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती कायद्याने लागतेच, बाहेरच्या एका सदस्यासह. ते या पानात कोंबू नका. समितीवरच्यांची नावं-नंबर वेगळ्या कागदावर लावा.

पॅनेलवाला_रबाळे:
काल स्टोअरवाल्याला विचारून पाहिलं. बाकी सगळं पटकन सांगितलं, ‘व्हाउचर’ला अडला. त्याला वाटलं पेटी कॅशचं व्हाउचर. आता ‘दुकानाचं कूपन’ लिहिलंय. कॉइल मोजायचं वेगळं वाक्य टाकलं: मीटर मोजल्याशिवाय चलनावर सही नाही, घाई असली तर ‘न मोजता घेतलं’ असं लिहून सही.

मग त्यानेच हळूच विचारलं, “साहेब, तुमची बँकॉक ट्रिप वहीत जाणार का?” स्विचगिअरवाल्यांच्या स्कीममधून मागच्या वर्षी मेहुणा जाऊन आला. मला काही सुचलं नाही.

मितभाषी:
स्कीम टार्गेटवर मिळते. ती काही लाच नाही.

वागळे_जुना:
स्कीम लेखी आहे, कंपनीच्या नावावर आहे, खरेदीला ती धरून दर ठरतो, इथवर मितभाषींचं खरं. पण त्या ट्रिपसाठी टार्गेट भरायला जास्तीचा माल उचललात का, ते खरेदीचे आकडे काढून बघा. नोंद तर कराच. फिरायला कोणी जायचं, हे मी बाहेरून सांगू शकत नाही.

पॅनेलवाला_रबाळे:
आकडे काढले. मार्चमध्ये लागत नव्हते तरी ४० एमसीसीबी ब्रेकर जास्त घेतले होते, त्यातले ११ अजून रॅकवर आहेत. मेहुणा म्हणतो वहीत फक्त स्टाफचं लिही. पान अजून लावलेलं नाही.