उत्तर चुकल्यावरचं वाक्य

"प्रश्नमंजूषेचं सूत्रसंचालन करताना स्पर्धकाचं उत्तर चुकलं की 'हरकत नाही' एवढंच म्हणणं कोरडं वाटतं. मग काय बोलावं?"

त्या चुकीमागचा विचार बोलून दाखवावा. समजा, ऑस्ट्रेलियाची राजधानी विचारली आणि उत्तर आलं सिडनी. मी असं म्हणेन: "सिडनी... नाव सगळ्यांत आधी तेच आठवतं. पण उत्तर आहे कॅनबेरा. सिडनी आणि मेलबर्न यांच्या चढाओढीतून वाट काढायला 1908 साली ही तिसरी जागा निवडली गेली." 'चूक' हा शब्द न उच्चारताही निकाल स्पष्ट कळतो, आणि शेवटचं वाक्य ऐकताना सगळ्यांचं लक्ष स्पर्धकावरून माहितीकडे वळतं. "छान प्रयत्न!" मात्र टाळाच, ते लहान मुलाला समजावल्यासारखं ऐकू येतं.

आता उत्कंठेबद्दलही सांगते. निकालाआधीचा थांबा बरोबर उत्तरालाही तेवढाच हवा. फक्त चुकीच्या उत्तरालाच "नक्की? लॉक करू?" विचारलं, तर दोन-तीन प्रश्नांत स्पर्धक ओळखतात आणि उत्तर बदलू लागतात. शिवाय चुकलेल्याला फार ताटकळत ठेवू नये, दोन सेकंद पुरतात. प्रश्न वाचतानाही कळीचा शब्द, विशेषतः 'नाही', ठळक उच्चारावा. नाहीतर माहिती असूनही उत्तर चुकतं, आणि तिथे कितीही गोड वाक्य कामाला येत नाही.