अनुभव धागा : हाताखाली कोणी नाही, पण प्रकल्प आपल्या नावावर

पाऊलखुणा
अशी कामं बऱ्याच जणांवर येतात. प्रकल्प आपल्या नावावर, पण त्यात राबणारं एकही माणूस आपलं नाही. विक्री, भांडार, लेखा, आयटी, प्रत्येकाचा साहेब वेगळा. रजा आणि पगारवाढ त्याच्या हातात. 'विश्वास कमवा, संवाद ठेवा' हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते इथे नको. दुसऱ्या विभागाशी तुमचं जे काही ठरलं होतं, टिकलेलं किंवा मोडलेलं, त्यातलं एकच सांगा. कोणाशी ठरलं, नेमकं काय ठरलं, आणि पुढे काय झालं?

रोखठोक
माझा अनुभव सरळ आहे. बैठक संपली की तासाभरात इतिवृत्त मेलवर टाकायचं. प्रत्येक कामापुढे एकच नाव, एकच तारीख, आणि सीसीमध्ये सगळ्यांचे साहेब. लेखी असलं की 'मी असं म्हणालोच नव्हतो' हा प्रकार बंद होतो. जबाबदाऱ्यांचा तक्ता पहिल्याच आठवड्यात करून घ्यावा. एवढं केलं की लोक कामं करतात.

तिमाही
रोखठोक, लेखी हवं आणि एका कामापुढे एकच नाव हवं, हे पूर्ण मान्य. पण सगळ्यांसमोर 'हो' म्हणणं वेगळं आणि त्या कामासाठी खरोखर वेळ मोकळा होणं वेगळं. जरा लांबड लावतो, कारण तपशिलाशिवाय हे कळायचं नाही.

आमच्याकडे नवीन ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांची एकच संगणकप्रणाली, यायची होती. त्याआधी मालाची यादी साफ करायची होती. जुन्या यादीत साधारण ११,००० कोड. एकाच बेअरिंगला तीन-तीन कोड, एकात एकक 'नग', दुसऱ्यात 'बॉक्स'. भांडारानं कोड तपासायचे, एकाच मालाचे दोन कोड असतील तर कुठला ठेवायचा ते खरेदीनं ठरवायचं, आयटीनं नव्या प्रणालीत भरायचे. मी प्रक्रिया सुधारणा विभागात, म्हणजे यांतल्या कोणावरच माझा अधिकार नाही. पहिल्या बैठकीत सगळ्यांनी होकार दिला. भांडारप्रमुख म्हणाले, 'दोन माणसं देतो.' इतिवृत्त गेलं, साहेब लोक सीसीमध्ये होते. काही आठवडे गेले तरी तपासलेले कोड जवळजवळ शून्यच. विचारलं की उत्तर एकच, 'चालू आहे.'

आठवणीचा मेल न टाकता मी भांडारात जाऊन बसलो. ती दोन माणसं म्हणजे माल देण्याच्या खिडकीवरचीच माणसं होती. सकाळी उत्पादनाच्या चिठ्ठ्या, दुपारपासून गाड्या भरणं. प्रमुखांना रोज वरून दोनच प्रश्न यायचे, किती गाड्या गेल्या आणि मालाअभावी लाइन थांबली का. कोडांचं काय झालं, हे त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांचा होकार खोटा नव्हता, त्याच्यामागे तास नव्हते.

मग बैठक न बोलावता त्यांच्या टेबलाशी बसून एक पान लिहिलं, दोघांनी मिळून. भांडार देणार दोन माणसं, मंगळवारी आणि गुरुवारी, दुपारी २ ते ४. त्या वेळेत खिडकीवर कोण बसणार त्याचं नावही लिहिलं. महिन्याचे शेवटचे पाच कामाचे दिवस सुट्टी, कारण तेव्हा साठामोजणी असते. 'तपासला' म्हणजे माल रॅकवर डोळ्यांनी पाहिला, एकक लिहिलं, रॅक क्रमांक लिहिला. यांतलं एक जरी राहिलं तरी तो कोड मोजायचा नाही. तारीख हुकेल असं वाटलं तर तीन दिवस आधी मला फोन. आणि प्रकल्पाकडून त्यांना काय, तर रॅकवरची बारकोड लेबलं सगळ्यांत आधी भांडाराला, छापून आणि चिकटवूनही. ही त्यांची जुनी मागणी होती, कोणी मनावर घेतली नव्हती.

सगळ्यांत मोठा फायदा त्या टेबलावरच झाला. प्रमुख म्हणाले, 'ज्याची शिल्लक शून्य आहे आणि दोन वर्षांत हालचाल नाही, तो कोड बघायला माणूस कशाला पाठवता?' ती चाळणी लावली आणि बघायचे कोड ४,००० वर आले. माणशी तासाला ४० कोड होतात हे आम्ही करून पाहिलं. दोन माणसांचे आठवड्याला आठ तास, म्हणजे ३२० कोड. साठामोजणीचे दिवस न धरताच हिशेब बारा-तेरा आठवड्यांचा निघाला, वरून मुदत मात्र सहा आठवड्यांची होती. हा हिशेब घेऊन मी आणि भांडारप्रमुख एकत्रच संचालकांकडे गेलो. माणसं वाढवा, मुदत वाढवा, किंवा आधी सतत लागणारे २,००० कोडच करू. त्यांनी तिसरा पर्याय घेतला. साठामोजणीचे दिवस सोडले तर ते काम सहाव्या आठवड्याच्या शेवटी संपत आलं, पुढच्या दोन-तीन दिवसांत पूर्ण झालं.

मोडलं ते दुसरीकडे. आम्ही जुने कोड साफ करत होतो आणि खरेदी विभाग रोज नवे उघडत होता. दर शुक्रवारी मी एकूण कोडांचा आकडा लिहून ठेवायचो. तो उतरायच्या ऐवजी चढायला लागला तेव्हा लक्षात आलं. नवे कोड कोणी आणि कधी उघडायचे, हे कोणाशीच ठरलं नव्हतं. खरेदीप्रमुखांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं, नवा भाग आला तर कोडासाठी लाइन थांबवता येत नाही. मी त्यांची तक्रार केली नाही. एका कागदावर दोन पर्याय लिहिले, प्रत्येक पर्यायानं काय अडतं तेही लिहिलं. त्यांच्या बाजूचा मजकूर त्यांनीच लिहिला आणि वर पाठवायच्या आधी पूर्ण कागद वाचला. निर्णय असा झाला की नवा कोड खरेदीतली एकच व्यक्ती उघडेल, आधी यादीत शोधून, आणि मागणी आल्यापासून एका दिवसात. निर्णय अर्धा त्यांच्या बाजूचा, अर्धा माझ्या. तरी पाळला गेला, कारण कागदावर त्यांना अनोळखी असं काही नव्हतं.

नवीनच
मला तर हाताखाली तीन माणसं मिळाली आहेत, रीतसर. तरी ऐकत नाहीत. एक जण तर माझ्याआधीपासून आहे, तो थेट मोठ्या साहेबांकडे जातो. अशा वेळी काय करावं?

पाऊलखुणा
नवीनच, तुमचा प्रश्न वेगळा आहे, अधिकार असून न चालण्याचा. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी लिहीन. तूर्त एवढंच, साहेबांशी बोलून घ्या की तो आला तर त्यांनी त्याला तुमच्याकडे परत पाठवायचं. ते जमल्याशिवाय बाकीचं कठीण आहे.

टेस्टबेंच
मी पलीकडच्या बाजूचा आहे. सॉफ्टवेअर चाचणी करतो, एका वेळी चार-पाच प्रकल्प माझ्याकडे काम मागत असतात आणि एकाचाही प्रमुख माझा साहेब नाही. कोणाचं आधी करायचं हे बऱ्याचदा मीच ठरवतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

एका समन्वयिकेनं पहिल्याच भेटीत मला विचारलं, 'तुमच्याकडे काम येतं तेव्हा काय नसलं की वेळ वाया जातो?' मी सांगितलं, बिल्ड, म्हणजे चाचणीसाठी दिलेली सॉफ्टवेअरची आवृत्ती, येतं आणि उघडतच नाही. आमचा अर्धा दिवस तिथेच जातो आणि तारखेला उशीर चाचणीच्या नावावर लागतो. तिनं डेव्हलपमेंटच्या लीडला बसवून आमच्यात तीन गोष्टी ठरवून घेतल्या. बिल्ड इन्स्टॉल झालेलं असलं पाहिजे, दहा प्राथमिक चाचण्या त्यांच्याकडेच पास झालेल्या असल्या पाहिजेत, आणि काय बदललं त्याची यादी सोबत पाहिजे. यांतलं एक नसेल तर मी तासाभरात परत पाठवणार, आणि चाचणीचे पाच दिवस नीट बिल्ड आल्यापासून मोजायचे.

दुसऱ्याच बिल्डला दहातल्या दोन चाचण्या फेल. मी परत पाठवलं. लीड तिच्याकडे गेला, 'तेवढं चालवून घ्यायला सांग, नाहीतर तुझीच तारीख जाईल.' तारीख खरोखर दोन दिवसांनी गेली. तिनं वर लिहिलं की बिल्ड ठरलेल्या अटीत बसलं नाही, म्हणून तारीख सरकली. कोणाचंही नाव घेतलं नाही. त्यानंतर लीडनं प्राथमिक चाचण्या आपोआप चालतील अशी सोय केली, आणि मीही तिचं काम रांगेत खाली ढकललं नाही. स्वतःची तारीख जात असताना तिनं ठरलेलं पाळलं, हे मी पाहिलं होतं.

रोखठोक, सीसीबद्दल. पहिल्या मेलला साहेबांना ठेवलं तर हरकत नाही. प्रत्येक मेलला ठेवलं की मी अडचण लवकर कळवणं बंद करतो आणि स्वतःला वाचवणारं उत्तर लिहितो. खरी बातमी मग तुम्हाला शेवटच्या दिवशी कळते.

रोखठोक
टेस्टबेंच, तुमच्यासारखा माणूस असेल तर ठीक. पण काही लोक साहेबांनी पाहिल्याशिवाय हलतच नाहीत, हाही माझा अनुभव आहे. माझं मत कायम आहे. फक्त 'चाचणीचे दिवस नीट बिल्ड आल्यापासून मोजायचे' हे मी उचलतो.

वॉर्ड_सात
मी परिचारिका आहे, वॉर्डची जबाबदारी माझ्याकडे. डॉक्टर सकाळच्या राउंडला 'आज घरी' म्हणतात आणि रुग्ण संध्याकाळी जातो. तोवर नवा रुग्ण खाली स्ट्रेचरवर. हे सुधारायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टर, औषधालय, बिलिंग, कोणीच माझ्या अखत्यारीत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा.

मी प्रत्येक फाइलला एक चिठ्ठी लावली, पाच रकाने : 'घरी' सांगितलं, डिस्चार्ज समरीवर सही झाली, उरलेली औषधं परत गेली, बिल अंतिम झालं, खाट रिकामी झाली. ज्याचं काम त्यानंच स्वतःच्या हातानं वेळ लिहायची, मी कोणाची लिहिणार नाही, एवढंच सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. चिठ्ठ्या एकत्र मांडल्या तेव्हा सर्वांत मोठं अंतर पहिल्या दोन रकान्यांच्या वेळांत निघालं. आणि आम्ही सगळे बिलिंगला बोल लावत होतो! निवासी डॉक्टर राउंडनंतर थेट ऑपरेशन थिएटरमध्ये जातात, समरी दुपारपर्यंत तशीच. आकडे त्यांच्याच अक्षरात असल्यामुळे वाद झाला नाही.

मग ठरलं की उद्या जाण्याची शक्यता असलेल्यांची समरी आदल्या संध्याकाळीच कच्ची तयार ठेवायची, त्यांची नावं सहा वाजता मी देणार. बरेच रुग्ण जेवणाआधी जाऊ लागले. विम्याच्या मंजुरीचा वेळ मात्र तसाच आहे, तो आमच्यापैकी कोणाच्याच हातात नाही.

माझी अडचण पुढची आहे. निवासी डॉक्टरांची तुकडी बदलते आणि ठरलेलं सगळं पुसलं जातं. माणूसच बदलला तर काय करायचं?

तिमाही
आमच्याकडे मधेच खरेदीप्रमुख बदलले. मी तेच पान घेऊन त्यांच्याकडे गेलो, पण 'हे ठरलेलं आहे' म्हणून नाही. विचारलं, यातलं तुम्हाला काय जमणार नाही? त्यांनी एका दिवसाचे दोन दिवस केले आणि सही केली. आधीच्या माणसाची सही नव्याला बांधत नाही, असंच धरून चालतो. पण माझ्याकडे एकच माणूस होता. पूर्ण तुकडी बदलली तर हे पुरेल का, सांगता येत नाही.

टेस्टबेंच
ठरलेलं माणसाशी न बांधता जागेशी बांधता येईल का? म्हणजे रुजू होतानाच्या यादीत कच्च्या समरीचं काम, वरिष्ठ डॉक्टरांच्या सहीनं.

वॉर्ड_सात
तेच विचारलं आहे. वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, आधीच्या चिठ्ठ्या दाखवा, मग बघू. नवी तुकडी पुढच्या महिन्यात येते, त्याआधी चिठ्ठ्या घेऊन त्यांना भेटते. होकार अजून आलेला नाही.