‘जातमुचलका’ आणि ‘मौजे’ : जामीन आदेशातील अटी व कारणे

अक्षरवेल : बांधाच्या वादातून झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात माझ्या भाच्याला सत्र न्यायालयाने जामीन दिला आहे. घरच्यांना समजावे म्हणून आदेशातल्या अटी एका बाजूला आणि न्यायालयाने दिलेली कारणे दुसऱ्या बाजूला, अशी यादी मी करत आहे. आदेशात लिहिले आहे : “अर्जदारास रु. 25,000 च्या जातमुचलक्यावर व तेवढ्याच रकमेच्या एका सक्षम जामीनदारावर मुक्त करण्यात यावे.” त्यापुढे दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत दर रविवारी 10 ते 12 या वेळेत पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदारांवर दबाव न आणणे आणि फिर्यादी राहतो त्या ‘मौजे’ अमुक येथे खटला संपेपर्यंत प्रवेश न करणे, अशा अटी आहेत. जातमुचलका म्हणजे नेमके काय आणि पंचवीस हजार रुपये लगेच भरायचे आहेत का?

जुना शिरस्तेदार : येथे ‘जात’ म्हणजे स्वतः, जसे आपण ‘जातीने हजर राहिलो’ म्हणतो. मुचलका म्हणजे लेखी हमी. तारखेला हजर राहीन, न राहिल्यास एवढी रक्कम देणे लागेन, असे आरोपी स्वतः लिहून देतो. त्यामुळे आज पैसे भरायचे नसतात. हमी मोडली तर मात्र मुचलका जप्त होतो आणि रक्कम दंड म्हणून का वसूल करू नये, अशी नोटीस निघते. जामीनदार हा दुसरा माणूस, आणि ‘सक्षम’ म्हणजे तेवढी ऐपत असलेला. म्हणून त्याच्याकडे सातबारा किंवा ऐपतीचा दाखला मागतात. पैसे भरायचे असते, तर आदेशात ‘रोख’ हा शब्द आला असता.

कृष्णाकाठ : माझ्या चुलतभावाच्या आदेशात “अटक झाल्यास मुक्त करावे” असे होते. तुमच्या आदेशात ते शब्द राहून गेले आहेत का, हे पाहून घ्या.

जुना शिरस्तेदार : तो अटकपूर्व जामीन असणार. येथे आरोपी आधीच कोठडीत आहे, त्यामुळे ते शब्द येणार नाहीत.

समासचिन्ह : कारणांचा रकाना ठेवायची गरजच नाही. या अटी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480(3) मध्ये ठरलेल्या आहेत, न्यायालय त्या फक्त उतरवून घेते.

जुना शिरस्तेदार : हे अर्धेच बरोबर आहे. साक्षीदारांना धमकावू नये, तसाच गुन्हा पुन्हा करू नये, या अटी त्या कलमात आहेत. ठरावीक गावात जाऊ नये ही अट मात्र तेथे जशीच्या तशी लिहिलेली नाही. ती या प्रकरणापुरती घातलेली आहे, म्हणून तिचे कारण शोधलेच पाहिजे. अक्षरवेल, आदेशाचा मधला परिच्छेद जसाच्या तसा द्याल का?

अक्षरवेल : “काठी जप्त झाली असून पुढील तपासासाठी अर्जदाराच्या ताब्याची आवश्यकता दिसत नाही. जखमेचे स्वरूप पाहता प्रथमदर्शनी अर्जदार जामिनास पात्र आहे. तथापि फिर्यादी व साक्षीदार एकाच गावातील असल्याने योग्य त्या अटी घालणे आवश्यक आहे.”

जुना शिरस्तेदार : आता ‘तथापि’ या शब्दापाशी थांबा. त्याच्या आधीची दोन वाक्ये सोडण्याची कारणे आहेत, अटींची नव्हेत. ती यादीत वर, स्वतंत्र लिहावीत. ‘प्रथमदर्शनी’ हा शब्द गाळू नये, कारण तो गाळला की न्यायालयाने भाच्याला निर्दोष ठरवले असे घरच्यांना वाटेल, आणि तसे कोणीही म्हटलेले नाही. ‘तथापि’नंतरचे कारण दबाव न आणण्याच्या आणि गावबंदीच्या अटीसमोर बसते. रविवारच्या हजेरीसमोर ‘आदेशात स्वतंत्र कारण नाही’ एवढेच लिहा. पळून जाऊ नये म्हणून हजेरी असेल, हा आपला तर्क झाला, न्यायालयाचे शब्द नव्हेत.

अटीचे प्रयोजन तपासले जाते, याचे एक उदाहरण देतो. एका नायजेरियन आरोपीने तपास अधिकाऱ्याला ठावठिकाणा कळावा म्हणून गुगल मॅपवर पिन टाकावी, अशी अट दिल्ली उच्च न्यायालयाने घातली होती. पिनमुळे माणसाचा सतत माग लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयात गुगलकडूनच स्पष्ट झाले आणि 8 जुलै 2024 रोजी न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयान यांनी ती अट रद्द केली. जामिनावरील माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांना सतत डोकावता येईल अशी अट घालता येत नाही, असेही त्यांनी सांगितले.

अक्षरवेल : मग माझी खरी अडचण ‘मौजे’ या शब्दाची आहे. भाचा राहतो शेजारच्या गावी, पण त्याचे शेत फिर्यादीच्या गावच्या शिवारात आहे. पेरणी तोंडावर आली आहे.

समासचिन्ह : साक्षीदार वस्तीत राहतात, म्हणून अट गावठाणापुरतीच धरायला हवी. आदेशात दिलेले कारणही तेच सांगते.

जुना शिरस्तेदार : महसुली भाषेत ‘मौजे’ म्हणजे शिवारासह सगळे गाव, सातबाऱ्यावरही तोच अर्थ आहे. तुमचा मुद्दा मला पटतो, पण भांडण बांधावरच झाले होते, त्यामुळे उलटाही अर्थ निघू शकतो. शब्दाचा आधार घेऊन शेतात पाऊल टाकले आणि न्यायालयाने दुसरा अर्थ लावला, तर जामीन रद्द करण्यासाठी अर्ज येईल. त्याच न्यायालयात अट स्पष्ट किंवा शिथिल करून मागावी आणि अर्जात गट क्रमांक द्यावा.

अक्षरवेल : तोवर यादीत ‘मौजे’ हाच शब्द ठेवते, त्याचा ‘गावठाण’ करत नाही. वकिलांना सोमवारी विचारणार आहे.