तासाआधीचे संदर्भ-कार्ड: गरज की पांगुळगाडा?

प्रश्न: मी कोल्हापुरात नववीला विज्ञान शिकवते. संगणक कक्षात मुले दर तासाला एआय चॅटबॉटशी नवे संभाषण उघडतात आणि धडा, व्याख्या आणि नियम सांगणारे मी लिहिलेले पाच ओळींचे कार्ड आधी पेस्ट करतात. सहकाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. आपले मत काय?

विज्ञान शिक्षक, कसबा बावडा: माझ्या मते कार्डाशिवाय तास सुरूच करू नये. आमच्या मुलांनी विचारले होते की, रंकाळ्याभोवती 4 किलोमीटरची फेरी 1 तासात मारून मूळ जागी आल्यास सरासरी वेग किती? उत्तर आले, ताशी 4 किलोमीटर. बोलीभाषेत ते चुकीचे नाही. परंतु पाठ्यपुस्तकात ती चाल आहे आणि विस्थापन शून्य असल्याने सरासरी वेगही शून्य. तेव्हापासून कार्डात एक ओळ वाढवली: ‘चाल म्हणजे अंतर भागिले काळ, वेग म्हणजे विस्थापन भागिले काळ, अदलाबदल करू नकोस, आणि उत्तराआधी उत्तराकडे नेणारा एक इशारा दे.’ तरीही गप्पा लांबल्या की ही सूचना मागे पडते आणि इशाऱ्याऐवजी थेट उत्तर येऊ लागते. तसे दिसताच कार्ड पुन्हा पेस्ट करायला सांगतो.

संगणक शिक्षक, इचलकरंजी: काही चॅटबॉट मागचे लक्षात ठेवतात, मग रोज तेच पेस्ट कशाला? ती सोय एकदा सुरू केली की काम भागते.

विज्ञान शिक्षक, कसबा बावडा: सर, ज्याचे स्वतंत्र खाते आहे त्याला ते लागू पडेल. आमच्याकडे एका खात्यावर सकाळी नववी आणि दुपारी सातवी बसते, त्यामुळे लक्षात राहिलेलेच नडते.

पालक, राजारामपुरी: मुलीच्या वहीत आधीच इतके कागद चिकटवलेले आहेत की वही मिटत नाही. त्यात आणखी एक कार्ड?

गणित शिक्षिका, गडहिंग्लज: ताई, हे कार्ड पडद्यावरचे आहे, डिंक लागत नाही! माझा विरोध मात्र खरा आहे. मुले न वाचता पेस्ट करतात. एकदा माझ्या वर्गाने मागच्या आठवड्याचेच कार्ड टाकले आणि अर्धा तास जुन्या धड्यावरच इशारे येत राहिले, तरी कोणाच्या लक्षात आले नाही. ‘काल काय झाले, आज काय अडले’ या दोन ओळी मुलांनी स्वतः लिहिल्या, तर निदान त्यांना आपण कुठे आहोत ते कळेल.

मूळ प्रश्नकर्ती: बाई, तुमचे अर्धे पटले. व्याख्या आणि नियमांच्या ओळी मी देईन, त्या दोन ओळी मुले लिहितील. आणि पहिला प्रश्न विचारण्याआधी चॅटबॉटकडून आजचा धडा एका वाक्यात वदवून घेतील, म्हणजे जुने कार्ड तिथेच उघडे पडेल. मात्र जो मुलगा काल गैरहजर होता, त्याने ‘काल काय झाले’ या ओळीत काय लिहावे, हे मला अजून सुचलेले नाही.