शब्द फोडून शिकावा की अख्खाच पाठ करावा?

पहिलं_वर्ष_नर्सिंग: वैद्यकीय शब्द उपसर्ग, मूळ आणि प्रत्यय असे फोडून शिका म्हणतात. म्हणजे तुकडे पाठ करायचे आणि शब्दही, काम दुप्पटच की! सरळ शब्द पाठ केले तर काय बिघडतं?

तिसरं_वर्ष: दुप्पट कसलं, निम्मं होतं. शब्द शेवटाकडून वाच. शेवटी ‘इमिया’ दिसलं की रक्तातली गोष्ट, ‘युरिया’ दिसलं की लघवीतली. मग सुरुवात बघ: हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. उरलं मधलं मूळ. आता हायपोकॅलिमिया घे. रक्तात, कमी, आणि कॅल म्हणजे कॅल्शियम. रक्तात कॅल्शियम कमी. पाठांतर शून्य.

वॉर्ड_इनचार्ज: पद्धत बरोबर, उत्तर चूक. ‘कॅल’ इथे कॅलियमवरून आलंय, ते पोटॅशियमचं लॅटिन नाव. म्हणूनच त्याची खूण K आहे. कॅल्शियम कमी असेल तर शब्द हायपोकॅल्सिमिया होतो, मधे ‘स’ हवा.

एका अक्षराचा फरक वाटतो, पण पेशंटजवळ तुम्ही काय शोधणार ते त्यावर ठरतं. कॅल्शियम कमी झालं की तोंडाभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हातपाय आखडतात. पोटॅशियम कमी झालं की स्नायू ढिले पडतात, आतडी मंदावतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मुंग्या नाहीत म्हणून ‘ठीक आहे’ लिहिलं, तर खरी गोष्ट नजरेतून सुटली.

त्यामुळे शब्द फोडला की लगेच रिपोर्टावर K, Ca किंवा Na यांपैकी कोणता आकडा हललाय ते बघायचं. K साधारण 3.5 ते 5.0 असतो, 2.9 दिसला की तुमची फोड खरी ठरली. फोनवर रिपोर्ट घेताना तर ‘हायपो’ की ‘हायपर’ यावर मुळीच विसंबू नका, आकडा परत वाचून दाखवा.

तिसरं_वर्ष: मान्य, मूळ चुकलं. पण चूक सापडली तीही फोडल्यामुळेच ना?

रात्रपाळी: मधेच विचारतो. घरच्यांच्या रक्ताच्या रिपोर्टात युरिया 48 लिहिलंय. वर म्हटल्याप्रमाणे म्हणजे लघवीत काहीतरी आहे का?

वॉर्ड_इनचार्ज: नाही हो. तो युरिया हा रक्तात मोजलेला पदार्थ, वर चाललाय तो शब्दाचा शेवट. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, रोमन स्पेलिंग वेगळं आहे. पहिल्या वर्षाच्या मुलींनीही वहीत मूळ स्पेलिंग लिहूनच रेघा माराव्यात, मराठी उच्चारावर नको. आकड्याचा अर्थ मात्र ज्यांनी तपासणी सांगितली त्या डॉक्टरांनाच विचारा.

जुनी_पाठांतरवाली: बघा, तुकड्यांनी एवढा गोंधळ! मी म्हणते आधी वॉर्डात अख्खा शब्द ऐका, पेशंट बघा, फोड नंतर. ॲन्युरिया घ्या. तुकडे सांगतात, लघवी नाही. प्रत्यक्षात मोठ्या माणसाला 24 तासांत 100 मिलीपेक्षा कमी झाली तरी ॲन्युरियाच म्हणतात. तुकड्यांत हे 100 मिली कुठे लिहिलंय?

वॉर्ड_इनचार्ज: कुठेच नाही, आणि हा आक्षेप खरा आहे. फोड दिशा सांगते, मर्यादा सांगत नाही. मात्र तुकड्याचा उपयोग तिथेही आहे. ‘अन्’ हा आपल्या अनादर, अनावश्यक यांतल्यासारखाच चालतो: पुढे स्वर आला की अन्, व्यंजन आलं की नुसता अ. एकदा हे बसलं की ॲप्निया म्हणजे श्वास थांबणं, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

खरी फसगत पुढे आहे. कॅथेटरची पिशवी रिकामी दिसली की विद्यार्थी ‘ॲन्युरिया’ लिहून मोकळे होतात. आधी नळी कुठे दुमडली आहे का, क्लॅम्प लागलाय का, पेशंट नळीवर झोपलाय का ते बघा. मग ओटीपोट हाताने तपासा. फुगलेलं लागलं तर लघवी तयार होतेय, बाहेर येत नाहीये, ते रिटेन्शन. तपासून झाल्यावर जे दिसलं ते आकड्यात लिहा, ‘इतक्या तासांत इतके मिली’, आणि लगेच कळवा. निदानाचा शब्द डॉक्टरांना लिहू द्या.

जुनी_पाठांतरवाली: म्हणजे शेवटी पेशंट बघणंच आलं. मी वेगळं काय म्हणत होते?

तिसरं_वर्ष: पण वॉर्डात न ऐकलेला शब्द परीक्षेत आला तर? फोडता येत नसेल तर कोरा कागद.

पहिलं_वर्ष_नर्सिंग: बरं, आजचा प्रयत्न: हायपरनेट्रिमिया. इमिया रक्त, हायपर जास्त, नेट्र म्हणजे Na. रिपोर्टात Na 152 आहे. बरोबर?

वॉर्ड_इनचार्ज: बरोबर. आता सांग, पेशंटला तहान आहे का, आणि बोलतोय नीट की गोंधळलाय?