अनुभव धागा: लॅपटॉपची एकच तुटलेली की तुम्ही कशी बसवलीत?

फोंडेकर: लेकीच्या लॅपटॉपची एंटर की पुसताना निघाली. वरची कॅप हातात आली, आत कॅपला वरखाली करणारी पांढरी प्लॅस्टिकची कात्री आणि एक बारीक तार लोंबकळतेय. दुकानात पूर्ण कीबोर्ड बदला म्हणतात. घरी कोणी बसवलीय का?

वास्को_बाजूचा: सोपं आहे. जागेवर ठेवा आणि दाबा, टक्कन बसते. माझी ‘के’ अशीच बसली.

डिचोलीची_दुरुस्ती: ‘के’ बसेल, एंटर तशी दाबू नका. लांब कीला तार असते आणि नुसतं दाबलं की तिची टोकं वाकतात, नाहीतर कॅपच्या आतले चिमुकले आकडे तुटतात. आधी लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, मग कॅप उलटी करून उजेडात बघा. आकडे शाबूत असतील तर काम होईल. खालच्या पत्र्याचा आकडा तुटला असेल, तर नवी कॅपही टिकणार नाही.

माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात अशीच एंटर आली होती. कात्री आधी पत्र्यावर बसवली. तार कॅपच्या आतल्या खोबणीत अडकवली, ती तिथे सैल फिरायला हवी. मग कॅप तिरकी धरून तारेची दोन्ही टोकं पत्र्याच्या छोट्या कानांत सरकवली आणि शेवटी चारी कोपरे बोटाने हळूच दाबले. ‘टक’ आवाज आले. एक कोपरा दाबला की दुसरा उचलत असेल, तर तार एका बाजूने सुटलीय. काही मॉडेलांत हाच क्रम उलटा असतो. म्हणून तारेची दुसरी की, शिफ्ट वगैरे, शेजारी कशी बसलीय त्याचा फोटो काढून ठेवा.

मडगाव_शिक्षिका: माझा स्पेसबार दाबला की दोनदा जागा पडते. कॅप बदलू का?

डिचोलीची_दुरुस्ती: बाई, तुमचं दुखणं वेगळं. ते खालच्या रबराचं किंवा संपर्काचं असतं, कॅप बदलून जाणार नाही.

वास्को_बाजूचा: मग आकडा तुटला असेल तर सुपरग्लूचा थेंब टाकला तर?

डिचोलीची_दुरुस्ती: नको हो. गोंद कात्रीच्या सांध्यात गेला की की दबतच नाही, आणि पुन्हा उघडताही येत नाही.

बार्देशकर: माझा डेस्कटॉपचा मेकॅनिकल कीबोर्ड. बीचजवळ घर, खिडकी उघडी. स्पेसबार कुरकुरायला लागला. कॅप ओढायच्या तारेच्या चिमट्याने दोन्ही टोकांकडून थोडी थोडी, सरळ वर काढली. आतली तार गंजलेली होती. बारीक पॉलिश पेपरने घासली, टोकांना किंचित ग्रीस लावलं. आवाज गेला, पण गंज परत येईल का ते पुढच्या पावसात कळेल.

फोंडेकर: बघितलं. तार ठीक, पण कॅपचा एक आकडा नाहीये. त्याच मॉडेलच्या बंद लॅपटॉपची कॅप चालेल ना?

डिचोलीची_दुरुस्ती: खात्री नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारच्या कात्र्या बघितल्यात. कॅप उलटी करून आकड्यांची जागा जुळवा, मगच पैसे द्या.