‘प्रायव्हसी’ला ‘गोपनीयता’ म्हणावे का? एका संमतिपत्रातील अडचण

मेघना, कोथरूड

मी वैद्यकीय संशोधनाची संमतिपत्रे मराठीत आणण्याचे काम करते. माझा मराठी मजकूर दुसरा अनुवादक मूळ न पाहता पुन्हा इंग्रजीत नेतो आणि नैतिकता समिती दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून तपासते. सध्याचे काम गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे आहे आणि त्यात भाग घेणाऱ्या बहुतेक स्त्रिया पुण्याबाहेरच्या खेड्यांतील आहेत. मुळात ‘प्रायव्हसी’ आणि ‘कॉन्फिडेन्शिॲलिटी’ दोन्ही जपल्या जातील असे एका ओळीत म्हटले आहे. जुन्या नमुन्याप्रमाणे मी ‘गोपनीयता व गुप्तता राखली जाईल’ असे लिहिले, तर उलट अनुवादात ‘सीक्रसी’ हा एकच शब्द दोनदा परत आला.

समितीने तो मजकूर परत पाठवला, पण मला खरी बोच लागली ती आधीच्या चाचणी-वाचनात. एका बाईंनी ती ओळ बोटाने धरून दोनदा वाचली आणि विचारले, “गुप्त ठेवणार म्हणजे माझा रिपोर्ट मलाही सांगणार नाही का?” ‘प्रायव्हसी’साठी आपण कोणता शब्द वापराल?

निवृत्त विधी अनुवादक, सदाशिव पेठ

मेघनाताई, त्या बाईंचे वाचन चुकीचे नव्हते, कारण ‘गोपनीयता’ हा शब्द मराठीत माहितीला चिकटलेला आहे. मंत्री ‘पद व गोपनीयतेची’ शपथ घेतात, तेव्हा ते आपल्यासमोर आलेली बाब बाहेर न फोडण्याचे वचन देतात आणि तिथे हा शब्द चपखल बसतो. प्रायव्हसी मात्र माणसाची असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी तिला मूलभूत हक्क ठरवले, तेव्हा केवळ माहितीचा नव्हे, तर शरीराचा, घराचा आणि स्वतःच्या निर्णयांचाही विचार केला. तपासणीच्या टेबलावर झोपलेल्या स्त्रीसमोरचे दार कोणी न विचारता उघडले, तर एकही गुपित फुटत नाही, तरी तिची प्रायव्हसी मोडते.

म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारतो, की इथे कागद झाकायचा आहे की माणूस? आपल्या त्या एका ओळीत दोन्ही आहेत, तेव्हा दोन नामे शोधण्याऐवजी ती फोडून क्रियापदांनी सांगावी: ‘तुमची तपासणी पडद्याआड होईल. त्या वेळी आत फक्त डॉक्टर आणि परिचारिका असतील. तुमच्या कागदांवर नावाऐवजी क्रमांक लिहिला जाईल. तुमचा रिपोर्ट तुम्हाला सांगितला जाईल, तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगितला जाणार नाही.’

भाषाप्रेमी, नारायण पेठ

प्रत्येक शब्दाची चार वाक्ये करणे म्हणजे हार मानणे आहे. ‘निज’ म्हणजे स्वतःचे. ‘निजधाम’, ‘निजरूप’ हे शब्द आपल्या संतवाङ्मयात आहेत, त्यामुळे ‘निजता’ हा हिंदीतून आलेला पाहुणा आहे असे कोणी समजू नये. ‘खासगीपणा’ कोणी सुचवण्याआधीच सांगतो, की त्यातला ‘खास’ अरबी आहे.

स्नेहल, औंध

‘निज’ संस्कृत आहे हे आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु संमतिपत्र वाचणाऱ्या बाईंच्या कानावर त्याआधी ‘निजणे’ हे क्रियापद पडलेले असते, आणि टेबलावर निजवून तपासणी होणार असताना ‘तुमची निजता जपू’ असे तिला वाचायला देणे मला अजिबात पटत नाही. शब्दाचे कूळ शुद्ध असले, तरी तो ऐकणाऱ्याच्या कानात काय होतो, हे पाहावेच लागते.

इतिहासाचा विद्यार्थी, शनिवार पेठ

‘खासगी’ला अरबी म्हणून नाकारणे पुण्यात तरी अवघड आहे, कारण पेशव्यांच्या घरच्या कारभाराला खासगीच म्हणत आणि जिवाजीपंत खासगीवाल्यांचे आडनाव त्यावरूनच आले. होळकरांकडे दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा असे. पण याच इतिहासामुळे मला हा शब्द इथे अडचणीचा वाटतो: ‘खासगी’चा रोख मालकीकडे आहे. खासगी शाळा, खासगी गाडी, खासगी दवाखाना. ‘तपासणी खासगीत होईल’ असे लिहिले, तर पैसे भरावे लागतील की काय, अशी शंका वाचणारीला येईल.

भाषाप्रेमी, नारायण पेठ

‘खासगी’ की ‘खाजगी’, हे तरी आधी ठरवा.

इतिहासाचा विद्यार्थी, शनिवार पेठ

दोन्ही रूपे चालतात. मी ‘खासगी’ लिहितो, कारण मूळ ‘खास’ त्यात दिसतो.

वसुधा, कर्वेनगर

अशाच दुसऱ्या शब्दाबद्दल मला सांगायचे आहे. वडील गेल्यानंतर माझी अमेरिकेतील भाची मला विचारत होती, “मावशी, तुला क्लोजर मिळालं का?” आणि मला उत्तर देता येईना. ओंकारेश्वरापाशी दहाव्याला पिंड ठेवून आम्ही तासभर उभे होतो, पण कावळा शिवत नव्हता. शेवटी माझा धाकटा भाऊ पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, “आईची काळजी करू नका, ती माझ्याकडे राहील,” आणि लगेच कावळा आला. कावळा का आला हे मी सांगू शकत नाही, परंतु त्या क्षणी आम्हा भावंडांच्या मनातले जे मिटले, त्याला भाचीचा शब्द लागू पडतो असे मला वाटते. मराठीत त्याला मी काय म्हणू?

निवृत्त विधी अनुवादक, सदाशिव पेठ

वसुधाताई, मी ‘मनाची समजूत पटली’ असे म्हणेन. ‘सोक्षमोक्ष’ नको, तो भांडणाचा लागतो. पोलिसांच्या कामात हाच इंग्रजी शब्द अगदी निराळा होतो: तपास बंद करण्याच्या अहवालाला महाराष्ट्रात समरी म्हणतात, आणि गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर ‘अ’ समरी होते. कागदोपत्री ते क्लोजर, मात्र फिर्यादीच्या मनाची समजूत त्याने पटत नाही.

स्नेहल, औंध

‘अकाउंटेबिलिटी’चीही अशीच गत आहे. सगळीकडे ‘जबाबदारी’ लिहितात, पण जबाबदारी काम अंगावर घेताना येते आणि अकाउंटेबिलिटी काम झाल्यावर किंवा बिघडल्यावर लागते. त्यासाठी ‘जाब विचारणे’ आणि ‘जाब देणे’ ही जोडी आपल्याकडे तयार आहे. ‘उत्तरदायित्व’ अधिनियमात शोभते, पण आमच्या सोसायटीच्या सभेत “खर्चाचा जाब कोण देणार?” असे विचारले की सगळ्यांना नेमके कळते.

भाषाप्रेमी, नारायण पेठ

‘जाब’ आपल्याला चालतो, म्हणजे फारसी-अरबी चालते, फक्त माझी ‘निजता’ चालत नाही.

मेघना, कोथरूड

सर, आपण सुचवलेली वाक्ये थोडा फरक करून वापरली. ‘परिचारिका’च्या जागी ‘नर्सताई’ लिहिले. उलट अनुवादात चारही वाक्ये अर्थ न हरवता परत आली आणि चाचणी-वाचनात त्या बाईंनी या वेळी काहीही विचारले नाही. मात्र परिच्छेदाला शीर्षक हवे, असा प्रायोजकांचा आग्रह आहे आणि शीर्षकाला नामच लागते. मी ‘तुमचा आडोसा आणि तुमची माहिती’ असे लिहून पाठवले होते, तर उलट अनुवादात आडोशाचा ‘शेल्टर’ झाला, म्हणजे आम्ही जणू स्त्रियांना राहायला जागा देणार आहोत. शुक्रवारी मजकूर पुन्हा समितीपुढे जायचा आहे आणि शीर्षकाची जागा अजून कोरी आहे.

वसुधा, कर्वेनगर

‘तुमची लाज राखली जाईल’ असे आमची आजी म्हणाली असती.

स्नेहल, औंध

तो शब्द नको, ताई. तपासणीला आलेल्या बाईने लाजण्यासारखे काही केले आहे, असे त्यातून निघते. मेघना, ‘तपासणीच्या वेळी आणि नंतर’ असे शीर्षक समितीला चालेल का, ते विचारून पाहा.